मामा दोन्ही गाण्यांना ‘हेच!’ म्हणाला

आधी एक कबुली. या शोधातली पहिली चूक माझी होती.

गेल्या महिन्यात मामाचा व्हॉइस मेसेज आला. बावीस सेकंदांचा. त्यात मामा नुसता गुणगुणतोय : डुम डुम डुम, डुडुम डुम, डुम. मग थोडं थांबून म्हणतोय, “हे कुठलं गाणं गं? इंग्लिश आहे. होस्टेलला ऐकायचो.”

मी मेसेज ऐकला, तीन सेकंदांत ओळखलं आणि त्याला व्हॅनिला आइसच्या ‘आइस आइस बेबी’ची लिंक पाठवली. पलीकडून लगेच उत्तर : “हेच!!!” तीन उद्गारचिन्हं. काम फत्ते.

रात्री जेवताना भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, “अगं, ते क्वीन आणि डेव्हिड बोवीचं ‘अंडर प्रेशर’ असेल ना? सुरुवात सेम आहे.” मी मामाला तीही लिंक पाठवली. दोन मिनिटांनी उत्तर : “हेच!!!”

आता आली का पंचाईत? एकच माणूस, एकच आठवण आणि दोन वेगवेगळी गाणी. दोन्हींना तितक्याच खात्रीने ‘हेच’.

तुमच्याही घरात असं झालं असेल. बाबांना एखादी ट्यून आठवते, तुम्ही शोधून देता, ते पहिले दहा सेकंद ऐकून खूश होतात आणि विषय संपतो. यावेळी मात्र तो संपवता येत नव्हता. कारण गाणं मामाला स्वतःसाठी नको होतं. होस्टेलमधला त्याचा जिगरी दोस्त या मार्चमध्ये गेला. ज्या कॅसेटवर हे गाणं होतं, ती त्यानेच भरून आणली होती. आता त्याच्या मुलीने बाबांच्या सगळ्या मित्रांना विचारलंय, “बाबा कॉलेजात काय ऐकायचे?” तिला ती गाणी एकत्र करून ठेवायचीत. मामाच्या वाट्याला हे एक गाणं आलंय. चुकीचं पाठवलं, तर ती आयुष्यभर बाबांचं म्हणून भलतंच गाणं ऐकत बसणार. मामा म्हणाला, “अंदाज नको सांगूस. नक्की सांग.”

सुरुवात जुळली, म्हणजे काय जुळलं?

आधी ही दोन गाणी सारखी का वाटतात ते बघू. ‘अंडर प्रेशर’ १९८१चं. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावातल्या स्टुडिओत क्वीन आणि बोवी एकत्र आले आणि हे गाणं झालं. सुरुवातीला ऐकू येणारी बेस गिटार जॉन डीकनची. तो तुकडा इतका सोपा आहे की आपल्या सरगमीत सहज सांगता येतो : सा सा सा, सासा सा आणि मग खालचा प. सहा वेळा एकच सूर आणि सातव्याला खाली उतरायचं. बस्स.

‘आइस आइस बेबी’ गाजलं १९९० मध्ये. ते रॅप आहे आणि त्याचा पाया म्हणजे हाच बेसचा तुकडा. सुरुवातीला मूळ गाण्याच्या गीतकार-संगीतकारांना श्रेय दिलेलं नव्हतं. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि पुढे क्वीन व बोवी यांची नावं श्रेयात आली. दोन्हींत एक बारीक फरक आहे. मूळ तुकडा सात सुरांवर थांबतो, पुढच्या फेरीआधी मोकळी जागा सोडतो. रॅपमध्ये त्या मोकळ्या जागेत एक जादा छोटा ठोका येतो आणि मग पुढची फेरी सुरू होते. व्हॅनिला आइसने त्या काळी एका मुलाखतीत याच एका ठोक्याच्या जोरावर ‘आमचं वेगळं आहे’ असं सांगितलं होतं आणि त्यावरून त्याची पुष्कळ टिंगल झाली.

म्हणजे मामाने पहिले दहा सेकंद ऐकून ‘हेच’ म्हटलं, तेव्हा त्याने गाणं ओळखलंच नव्हतं. त्याने तो तुकडा ओळखला होता. सामायिक असलेली गोष्ट दोन उमेदवारांतून एकाला निवडू शकत नाही. दोन जुळ्या भावांपैकी कोण आला होता, हे ‘नाक असं होतं’ सांगून कळेल का?

तुकड्याऐवजी नुसते कॉर्ड्‌स जुळत असतील, तर पुरावा अजूनच पातळ होतो. बीटल्सचं ‘लेट इट बी’ आणि बॉब मार्लीचं ‘नो वुमन, नो क्राय’ घ्या. दोन्हींच्या सुरुवातीला सी, जी, ए मायनर, एफ असे चार कॉर्ड त्याच क्रमाने येतात. गिटारवर कुणी नुसते हे चार कॉर्ड वाजवले, तर दोन्ही गाणी त्यावर बसतात, शिवाय आणखी कित्येक बसतात. तिथे कॉर्ड्‌स सोडून द्यायचे आणि वर गाणाऱ्याची चाल कुठे चढते, ठेका कुठे पडतो, पहिलं वाद्य कोणतं, हे विचारायचं. पहिल्यात पियानो आहे. दुसऱ्याचं १९७५चं जे लाइव्ह रेकॉर्डिंग सगळ्यांच्या कानात बसलंय, त्यात ऑर्गन आहे.

मी मामाचा मेसेज हेडफोन लावून पुन्हा ऐकला. जादा ठोका आहे का? त्याने तुकडा चार वेळा गुणगुणला होता. पहिल्या दोन वेळा मधली जागा मोकळी. तिसऱ्या वेळी त्याने जिभेने एक ‘टक्’ केलं. चौथ्या वेळी परत मोकळी. म्हणजे साक्षीदार स्वतःच फितूर! गुणगुणताना माणूस ताल सांभाळायला मध्ये काहीतरी भरतोच. हा पुरावा मी बाजूला ठेवला.

चार खुणा, दोन दिशा

मग मी मामाला फोन केला. यावेळी काही ऐकवलं नाही, नुसतं विचारलं, “तुला काय काय आठवतं ते सगळं सांग.” त्याने चार गोष्टी सांगितल्या.

एक : “आम्ही लास्ट इयरला होतो. १९८७.”

दोन : “त्यात एक माणूस गात नव्हता, बोलत होता. काय बोलतोय ते कळायचंच नाही.”

तीन : “आम्ही त्यावर नाचलोय, मला नक्की आठवतंय.”

चार : “दोस्त वाईचा. तो सांगायचा, हा गाणारा आपल्या पाचगणीला शिकलाय.”

बघा, कशी ओढाताण आहे. एक आणि चार ‘अंडर प्रेशर’कडे जातात. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, खरोखरच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. दोन आणि तीन सरळ रॅपकडे जातात. मोजून बेरीज केली तर दोन-दोन, बरोबरी.

पण खुणा मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. प्रत्येक खुणेला दोन प्रश्न विचारायचे. ही खूण खरी असेल, तर कोणतं गाणं बाद होतं? आणि ही खूण आठवणीत नंतर घुसलेली असू शकते का?

पाचगणीची खूण मला सगळ्यांत आवडली होती. पण मामाला विचारलं, “तू ‘बोहेमियन रॅप्सडी’ पिक्चर पाहिलास ना?” तो म्हणाला, “हो, तुमच्याबरोबरच की.” तो चित्रपट २०१८चा. तेव्हा फ्रेडी आणि पाचगणी हे सगळ्या पेपरांत छापून आलं होतं. आता हे वाक्य दोस्ताचं की पेपरातलं, हे मामालाही सांगता येईना. खूण गोड, पण कच्ची. बाजूला.

भावाने आणखी एक मुद्दा काढला : “ॲपवर बघ ना, गीतकारांत फ्रेडीचं नाव आहे.” बघितलं. नाव दोन्ही गाण्यांखाली आहे! श्रेय नंतर दिलं गेलं, त्यामुळे रॅपखालीही क्वीनची मंडळी दिसतात. तीही खूण इथे बिनकामाची.

साल कसं पक्कं करायचं?

उरली सालाची खूण. एकच अशी, जी एखाद्या गाण्याला पूर्ण बाद करू शकते. गाणं निघाल्यावर चाळीस वर्षांनीही ऐकता येतं, पण निघायच्या आधी एक दिवसही ऐकता येत नाही. म्हणजे साल पक्कं निघालं, तर रॅप कायमचं बाहेर.

पण ‘१९८७’ हा नुसता आकडा आहे. माणसं आकडे चुकतात. प्रसंग चुकायची शक्यता त्यामानाने कमी असते. म्हणून विचारलं, “त्या दिवशी अजून काय झालं होतं?”

मामा एका क्षणात म्हणाला, “वानखेडेला आपण हरलो. गूच झाडू मारल्यासारखा स्वीप मारत होता. सगळं होस्टेल सुतकात. मग याने टू-इन-वन लावला आणि हे गाणं वाजवलं.”

रिलायन्स कपची सेमी फायनल, भारत विरुद्ध इंग्लंड, वानखेडे. तारीख ५ नोव्हेंबर १९८७. हे तपासता येतं. पण इथेही एक खोच आहे. मॅच खरी, गाणं खरं, पण दोन्ही एकाच संध्याकाळचे होते का? आठवण दोन वेगळ्या दिवसांना टाचणी लावू शकते. म्हणून मॅचशी काही संबंध नसलेला दुसरा खुंटा हवा. “टू-इन-वन कोणाचा होता?” “त्याचाच. जूनमध्ये परीक्षा झाल्यावर तो नोकरीला आखातात गेला, टू-इन-वन आणि कॅसेट सगळं घेऊन.” मामीने जुना अल्बम काढला. दोस्ताला निरोप द्यायला गेले होते, तेव्हाचा विमानतळावरचा फोटो. मागे पेनाने लिहिलंय : जून ८८.

दोन वेगळे खुंटे, दोन्ही १९८८च्या मध्याच्या आतले. आता रॅपची बाजू. गाजलेलं साल १९९०, पण तिथे थांबू नका. गाणं गाजतं त्याच्या आधी कधीतरी निघालेलं असतं. ‘आइस आइस बेबी’ त्याआधी १९८९ मध्ये एका छोट्या कंपनीच्या अल्बमवर आलं होतं. ते धरलं तरी कॅसेट त्याच्या आधीच आखातात पोहोचलेली. रॅप बाद.

मग बोलणारा माणूस कोण?

मला वाटलं, झालं. पण दोन खुणा अजून उलट्या बोलत होत्या. त्या ‘मामा विसरला असेल’ म्हणून झटकून टाकणं ही लबाडी झाली असती. उत्तर बरोबर असेल, तर उलट बोलणाऱ्या खुणांचाही उलगडा व्हायला हवा.

शोधताना तिसराच उमेदवार सापडला. आयर्लंडच्या जेडवर्ड या जुळ्या भावांनी २०१० मध्ये ही दोन्ही गाणी एकत्र करून गायली, सोबत खुद्द व्हॅनिला आइस. गाणंही आणि रॅपही, एकाच रेकॉर्डिंगमध्ये! म्हणजे मामाच्या वर्णनात दोन्ही बसतात. खुणा भांडतात तेव्हा असं मिश्रण, कव्हर किंवा रीमिक्स आहे का, हे एकदा बघायलाच हवं. इथे मात्र २०१० म्हणजे कॅसेट गेल्यावर बावीस वर्षांनी. तोही बाद.

मग बोलणाऱ्या माणसाबद्दल मामाला बारकाईने विचारलं. पण त्याआधी एक काम केलं, ते तुम्हीही करा. कोणतं गाणं असेल तर काय उत्तर यायला हवं, ते आधीच वहीत लिहून ठेवलं. नाहीतर उत्तर आल्यावर आपण ते आपल्याला हवं तसं वळवतो. मी लिहिलं : रॅप असेल तर बोलणं गाणंभर चालेल. ‘अंडर प्रेशर’ असेल तर ते सुरुवातीला थोडा वेळच असेल, कारण तिथे बेसनंतर लगेच फ्रेडी निरर्थक अक्षरं तालात म्हणतो आणि मग गाणं सुरू होतं.

“मामा, तो माणूस किती वेळ बोलतो?”

“सुरुवातीलाच. मग गायलाच लागतात ना दोघं.”

“आणि मध्यावर काय होतं?”

“मध्ये सगळं एकदम शांत होतं. मग एक जण असा काही वर चढतो की आम्ही म्हणायचो, आता याचा गळा फाटणार.”

हे ऐकून अंगावर काटा आला. कारण मी त्याला मधला भाग ऐकवलाच नव्हता. लिंक पाठवली तेव्हाही त्याने सुरुवात ऐकूनच बंद केलं होतं, हे मी आधी विचारून घेतलं होतं. ‘अंडर प्रेशर’च्या मध्यावर वाद्यं खरंच खाली बसतात आणि फ्रेडीचा आवाज टिपेला जातो. रॅपमध्ये असं काहीच नाही, तिथे तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो. आणि ‘काय बोलतोय ते कळायचंच नाही’ याचं कारण मामाचं इंग्लिश नव्हतं. त्या अक्षरांना अर्थच नाही.

गाणं मिळालं, रेकॉर्डिंग कोणतं?

अजून एक पायरी राहिली होती. १९८७ मध्ये कॅसेटवर कोणतं ‘अंडर प्रेशर’ असू शकतं? एक, मूळ स्टुडिओतलं. दुसरं, १९८६च्या अखेरीस आलेल्या क्वीनच्या ‘लाइव्ह मॅजिक’ या अल्बमवरचं. तारखेने दोन्ही चालतात. ‘दोघं गातात’ ही खूण इथे उपयोगाची नाही, कारण लाइव्हमध्ये बोवी नसला तरी फ्रेडीबरोबर ड्रमर रॉजर टेलरही गातो. म्हणून मामाला एवढंच विचारलं, “लोकांचा आवाज, टाळ्या, आरडाओरडा होता का?” तो म्हणाला, “छे. शेवटी एकदम हळू होत संपायचं. आम्ही ते संपेपर्यंत बोलायचो नाही.” लाइव्हमध्ये हजारोंची गर्दी आहे. म्हणून स्टुडिओचं.

इथे खात्रीचे दोन दर्जे आहेत. गाणं कोणतं, याबद्दल मला शंका नाही. रेकॉर्डिंग कोणतं, हे मी ‘बहुतेक’ म्हणेन. कारण ते एका नकारावर टेकलेलं आहे, आणि कॅसेटवरून कॅसेटवर भरलेल्या खरखरीत गर्दीचा आवाज दबूही शकतो. मुलीला निरोप पाठवताना मामाने हे दोन्ही तसंच लिहिलं.

राहता राहिली तिसरी खूण, नाचाची. शेवटी रविवारी मामाकडे गेले आणि दोन्ही गाणी पूर्ण लावली, सुरुवात कापून, दुसऱ्या मिनिटापासून. ‘अंडर प्रेशर’ लागलं, तेव्हा मामा काही बोलला नाही. संपेपर्यंत बोललाच नाही. मग रॅप लावलं. तो अर्धा मिनिट ऐकत राहिला आणि एकदम हसायला लागला.

“अगं, हे तर तुझ्या आईच्या हळदीतलं! त्या स्पीकरवाल्याने तीनदा लावलं होतं.”

आई स्वयंपाकघरातून ओरडली, “चार वेळा!”